राणी खुशाल आहे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सांगलीत आलो. पहिला दिवस इतका चांगला गेला की लिहून ठेवावंसं वाटलं. कडेगावच्या छापखान्यात लग्नपत्रिकांची प्रुफं तपासताना वाटायचं, आपण जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नातले ऱ्हस्व-दीर्घ बघत बसणार. बारावीला इंग्रजीने दोनदा पाडलं, पण शुद्धलेखनाने नोकरी दिली. आई म्हणाली, तुझ्या वेलांट्यांना अखेर भाव आला रं यशा.

ऑफिस विश्रामबागेत, मोबाईलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. बाहेर पाटी नाही. वीरधवल सर म्हणाले की पाटी लावली की नोकरी मागणाऱ्यांची रांग लागते. सर उंब्रजचे. बोलणं मऊ, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी काम नीट समजावून सांगितलं. आपल्या भागातली मुलंमुली ते परदेशात कॉम्प्युटरच्या कामावर पाठवतात. तिथे सुरुवातीला ट्रेनिंग असतं आणि ट्रेनिंगमध्ये फोन जमा करून घेतात. मुलं थोडक्यात मुद्दे कळवतात, आणि आम्ही त्यावरून आईवडिलांना समजेल असा निरोप तयार करायचा. आईबापाचा जीव आपल्या हातात असतो, म्हणून चूक चालत नाही, असं सर म्हणाले. मला हे फार पटलं.

उच्चार तपासायचे म्हणून माझ्याकडून दोन पानं मोठ्याने वाचून घेतली. मग म्हणाले, आता घरी आईशी बोलतोस तसं बोल, मनाला येईल ते. मी आधी लाजलो, मग बोललो. हसून दाखव म्हणाले, हसलो. रागावून दाखव म्हणाले तेव्हा मात्र मला जमेना. शेजारच्या टेबलावरची क्रांती म्हणाली, लग्नपत्रिकावाल्यांना राग कुठला, ते सगळ्यांना सहकुटुंब सहपरिवार बोलावतात. त्यावर मला खरोखरच राग आला आणि सर म्हणाले, हां, हाच पाहिजे होता.

ऑफिसने नवा फोन आणि नवं सिम दिलं. हा फोन ऑफिसातच ठेवायचा. घरच्यांना हाच नंबर द्या म्हणाले, म्हणजे कामाच्या वेळेत दोन दोन फोन वाजत नाहीत. आईला दिला.

खोली गावभागात, सुलाबाईंच्या घरात, मागच्या बाजूची. खिडकीतून कृष्णेचा वारा येतो. सुलाबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं की मासे खातोस का, कारण त्या खातात आणि वासाची तक्रार चालणार नाही. मी म्हणालो, खातो. खोटं बोललो, पण शिकेन.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मला माझं पहिलं माणूस मिळालं. ऑफिसात असंच म्हणतात, तुझं माणूस, माझं माणूस.

नाव राणी. वय बावीस. कवठे महांकाळच्या पलीकडे माळावर वस्ती. वडील आकाराम, आई दगडाबाई. बापजाद्यांची मेंढरं होती, आता थोडी शेरडं आणि थोडी ज्वारी. राणी बी.कॉम. झालेली. उन्हाळ्यात बँकॉकला गेली.

तिचं व्हॉट्सअॅप इथल्या कॉम्प्युटरवर जोडलेलं आहे. तिचा फोन तिकडच्या कंपनीकडे असतो. अधूनमधून तिकडे तो कुणीतरी उघडावा लागतो, नाहीतर इथलं जोडणं आपोआप तुटतं. तिचे जुने निरोप सगळे दिसतात. दगडाबाईंना वाचता येत नाही, म्हणून मायलेकींचं सगळं बोलणं आवाजी निरोपांत आहे.

आज दिवसभर कानाला लावून ऐकत बसलो. राणी वाक्य संपवताना श्वास ओढते. 'न्हाई' म्हणताना शेवट खाली सोडते, विहिरीत बादली सोडावी तसा. 'लय' फार म्हणते. चेष्टा केली की आधी स्वतःच हसते. घरी एक शेळी आहे, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून तिचं नाव टिकली. राणी प्रत्येक निरोपात विचारते, टिकलीनं पाला खाल्ला का. एकदा आईने चिडून म्हटलं आहे की आईबाप मेलं का जगलं ते इचार आधी, मग शेरडाचं. त्यावर राणी इतकी हसली आहे की मीही एकटाच हसलो. क्रांतीने वळून पाहिलं.

ऑगस्टपासूनचे निरोप वेगळे आहेत. तुटक. एका निरोपात आई नुसतं विचारते की आवाज असा का गं, तर राणी ओरडते, काय न्हाई म्हनलं नव्हं, सारखं सारखं इचारू नगा. त्यानंतर तिच्याकडून एकही निरोप नाही. पुढे सगळे आईचेच. मी ते ऐकले नाहीत. उद्या ऐकेन.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ऐकले. राणे, बोल की गं. राणे, रागावलीस व्हय. राणे, तुजा बा जेवंना. एका निरोपात कुणीच बोलत नाही, नुसता वारा आणि शेरडाच्या गळ्यातली घंटी. तो मी तीनदा ऐकला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज राणीचा निरोप तयार केला. तिकडून मुद्दे आले होते, तेही फक्त तीन: ताप, पासपोर्ट, काळजी नको.

मी आधी लिहिलं की मी मजेत आहे, काम छान आहे, जेवण चांगलं आहे. सरांनी वाचलं आणि खोडलं. म्हणाले, इतके दिवस गप्प असलेली पोरगी एकदम मजेत आहे म्हणाली तर कुठली आई विश्वास ठेवेल? तिला थोडं दुखू दे. आईच्या हातात एक छोटं दुखणं दे, आईला बरं करता येईल असं. म्हणजे ती मोठं शोधत बसत नाही. मग म्हणाले, आणि चूक पोरीच्या अंगावर घे. माफी मागितली की प्रश्न संपतात.

हे ऐकून मला ते फार हुशार वाटले.

आवाजाचं काम असं चालतं. तिचे जुने निरोप कॉम्प्युटरला दिले आहेत. त्यावरून त्याने तिचा आवाज शिकून घेतला आहे. आपण लिहायचं, तो तिच्या आवाजात बोलतो. पण तो पुस्तकी बोलतो. 'नाही' लिहिलं तर शाळेतल्या बाईंसारखं 'नाही' म्हणतो. म्हणून जसं बोलतात तसंच लिहावं लागतं, आणि श्वास कुठे ओढायचा तिथे टिंबं द्यावी लागतात. आयुष्यभर मी 'न्हाई'खाली लाल रेघ मारली, आज तेच जपून लिहिलं. झालेला आवाज स्पीकरवर लावून फोनसमोर धरायचा आणि बोलल्यासारखा भरून घ्यायचा. नाहीतर समोर तो गाण्यासारखी फाईल म्हणून दिसतो, आणि माणसाला शंका येते. मागे पंखा चालू ठेवायचा. तिकडे उकडतं.

पाठवलेला निरोप इथे उतरवून ठेवतो, कारण मला तो आवडला:

'आय... आबा... मी राणी. माजी चूक झाली. मी तुमच्यावर वराडली आन् मंग मलाच त्वांड दाखवाय लाज वाटाय लागली. मला लय ताप आल्ता. हितं अंगाखाली घोंगडं न्हाई, गादी हाय, झोपच येत न्हाई. त्यात पासपोर्टाची मुदत वाढवायची म्हून तो हापिसात दिला, तवा लय भ्या वाटलं, म्हून आवाज तसा येत व्हता. आता ताप गेला. ट्रेनिंगमदी फोन देत न्हाईत, आठवड्यातनं एकदा बोलीन. आय, जिरं-गूळ कसा उकळायचा सांग. टिकलीनं पाला खाल्ला का?'

शेवटचं वाक्य मुद्द्यांत नव्हतं. ते मी घातलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी उत्तर आलं. दगडाबाई आधी रडतात, मग शिव्या देतात, मग जिरं-गूळ कसा उकळायचा ते सांगतात, मग पुन्हा रडतात. मागून आकाराम म्हणतात, अगं तिला सांग, टिकली गाभण हाय. ते बिचारे फोनपासून लांब उभे राहून ओरडत होते.

सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ऑफिसात पेढे आणले. मी पेढा खाल्ला आणि आईला ऑफिसच्या फोनवरून सांगितलं की मी एका आईला हसवलं. आई म्हणाली, पुण्याचं काम हाय लेका.

क्रांतीने पेढा घेतला नाही. गोड चालत नाही म्हणाली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मुद्दे येत नाहीत. सरांना विचारलं, तर म्हणाले, तू आता राणीला तिच्यापेक्षा जास्त ओळखतोस, तूच लिही. मी विचारलं, पण ती खरोखर बरी आहे ना? सर हसले. म्हणाले, यशराज, तुझी आई विचारते का रोज, तू खरोखर बरा आहेस ना? बरा आहेस ते तिला आवाजावरून कळतं. बस.

मला हे पटलं नाही. पण पुढचा निरोप लिहायला घेतला.

आज नवं काम दिलं, सगळ्यांच्या माणसांसाठी. घरच्यांना सावध करायचं. हल्ली फसवणूक फार होते, कुणीही अनोळखी नंबरवरून मीच तुमची मुलगी म्हणून पैसे मागतं, तेव्हा सांगून ठेवायचं. यात मला वाईट काही दिसलं नाही. पेपरात रोज येतं. मी मनापासून लिहिलं:

'आय, ध्यान दिऊन ऐक. आमच्या हितल्या पोरींच्या घरी खोटं मेसेज याय लागल्यात. मी तुमची पोरगी, मला सोडवा, पोलिसात जावा, आसं काय बी लिवत्यात. त्यास्नी घरचं समदं ठावं असतं, शेरडाचं नाव सुदीक. भ्यायचं न्हाई. आलं की मला पाठवायचं, मी सांगीन खरं का खोटं. बिरुबाची आण, मी ह्या नंबराशिवाय कुठनं बी बोलणार न्हाई.'

सरांना फार आवडलं. विशेषतः बिरोबा. ते म्हणाले, हे मला सुचलं नसतं. मग म्हणाले, आणि घरी कुणी माणूस आला तर? मी थोडा विचार केला. त्या भागातले लोक कुणाला दारातून हाकलत नाहीत, तसं लिहिलं तर ते राणीचं वाटणार नाही. म्हणून असं जोडलं:

'आन् कुणी माज्याबद्दल सांगत घरी आला तर त्याला हाकलू नगा. घोंगडं टाका, बसवा, जेवाय वाढा. त्वोवर मला फोन लावा.'

संध्याकाळी क्रांती जिन्यात भेटली. म्हणाली, तू फार चांगलं लिहितोस. पण म्हणाली ती कुणी शिवी द्यावी तसं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अक्षर बिघडलं तरी लिहितो.

दुपारी दगडाबाईंकडून एक मेसेज पुढे ढकललेला आला. सोबत त्यांचा आवाज, हळू, कुणी ऐकेल अशा भीतीचा. राणे, तू म्हनली व्हतीस तसंच आलं बघ. तुज्या आबानं अक्षरं लावून लावून वाचलं. टिकलीचं बी नाव हाय गं त्यात. ही कोन भवानी हाय?

मेसेज इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत होता. एकही विराम नाही. देवनागरीत उतरवतो, काही दुरुस्त करत नाही:

'आई आबा मी राणी आहे हा फोन केनियाच्या मुलीचा आहे परत फोन करू नका मी बँकॉकला नाही विमानतळावरून गाडीत घातलं मग होडीतून नदी ओलांडून म्यानमारला आणलं उंच भिंती आहेत बंदूकवाले आहेत पासपोर्ट फोन काढून घेतला आम्हाला सुंदर बाईचा फोटो लावून परदेशी लोकांशी बोलायला लावतात प्रेमाचं बोलून पैसे गुंतवायला लावायचे मी नाही म्हटलं म्हणून मारलं ठरलेलं काम नाही झालं की उन्हात उभं करतात करंट देतात तुम्ही विचारलं आवाज असा का तेव्हा माझ्या मागे माणूस उभा होता म्हणून मी ओरडले आई मी तुझ्यावर नाही ओरडले मग त्यांनी फोनच दिला नाही म्हणून मी गप्प होते दुसऱ्या कंपनीला विकणार म्हणतात दूतावासाला कळवा पोलिसांना कळवा माझा पासपोर्टचा फोटो पेटीत आहे पाठवणारा वीरधवल आहे टिकलीची शपथ मी राणी आहे'

वाचत होतो तेव्हा वीरधवल माझ्या मागे येऊन उभे राहिले. मला त्यांच्या शर्टाचा वास आला. त्यांनीही वाचलं. अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, हं, घाईत लिहिलंय. यात राणी कुठे आहे? राणी तर आपल्याकडे आहे.

मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, पुढे ढकललेल्या मेसेजात मूळ नंबर दिसत नाही. आधी तो नंबर मागून घे. मग ब्लॉक करायला सांग.

मी म्हणालो, सर. कीबोर्डवरचे हात मागे घेतले.

त्यांनी माझा ऑफिसचा फोन उचलला आणि हातात खेळवत म्हणाले की मनुबाईंचा आवाज फार गोड आहे, काल तासभर बोलल्या आमच्याशी. मनुबाई माझी आई.

मी लिहिलं. 'आय, ती मी न्हाई. भिऊ नगंस. त्यो नंबर मला वाचून सांग, मी हितं तक्रार करते. मंग त्यो बंद करून टाक.'

आकारामांनी एकेक आकडा वाचला. मध्ये थांबून, खोकून, चूक होऊ नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून. माझ्यासारखेच ते. शेवटी म्हणाले, बाळ राणे, बरं झालं तू जवळ हाईस.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तिकडून कळवलं. फोन कुणाचा ते सापडलं.

एवढंच सांगितलं मला. मी पुढचं विचारलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

मी सरांना म्हणालो की आवाज जुना वाटतोय, राणीचे नवे नमुने मिळाले तर बरं. मला ती जिवंत आहे का ते पाहायचं होतं. सर कॉम्प्युटरकडे बघतच म्हणाले, नवे मिळणार नाहीत. आहे त्यात भागव.

मग म्हणाले, टिकलीला पिल्लं झाली का विचार. लोकांना आवडतं.

दगडाबाईंचा निरोप. टिकलीला दोन करडं झाली. एक पाट, एक बोकड. आणि राणे, तुज्या आत्याची सुनंदा बी तुज्याकडं येती म्हनतीया. तू हाईस म्हून आमी व्हय म्हनलं. पुढल्या म्हैन्यात ते साहेब कागद करत्यात.

आता कळलं. एक आई वस्तीवर रडत बसली तर तिथून दुसरी पोर कुणी देत नाही. एक आई खुशाल पाहिजे. त्यासाठी मी.

क्रांतीला जिन्यात गाठलं. ती म्हणाली, माझी थोरली बहीण तिकडं हाय. मी इथं नीट काम केलं की तिला मारत नाहीत म्हणतात. खरं-खोटं मला ठाऊक नाही. मग म्हणाली, तू काय करशील ते मला सांगू नकोस. मला विचारलं तर मी सांगेन.

३ डिसेंबर, बुधवार. आकारामांच्या वस्तीवर

सकाळी ऑफिसला न जाता एस.टी. पकडली. पोलिसांत आधी जाणार होतो. पण सरांच्या टेबलापाशी मी वर्दीतल्या माणसाला चहा पिताना पाहिलं आहे. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. भीती वाटली. वाटलं, आधी आईबापांना सांगू, मग त्यांना घेऊन पोलिसांत जाऊ. लेकीची तक्रार आईबापांनी केलेली बरी.

माळ. कुसळं. लांबून घंटी ऐकली आणि लगेच ओळखली. कपाळावर पांढरा ठिपका, पोटाशी दोन करडं. मी तिच्यासमोर थांबलो, ती माझ्याकडे बघत रवंथ करत राहिली.

आकाराम उंच, वाळके, डोक्याला लाल पटका. दगडाबाई मी मनात धरल्या होत्या त्यापेक्षा लहानखुऱ्या. मी म्हणालो, राणीबद्दल सांगायला आलोय. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आवं बसा की, दगडाबाई म्हणाल्या, एवढ्या लांबनं आलायसा. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, आदी भाकरी खा, भरल्या पोटानं सांगा. मला बरं वाटलं. वाटलं, ऐकून घेणारी माणसं आहेत.

मग त्यांनी आतून घोंगडं आणलं आणि झटकून टाकलं.

मी अजून उभा आहे असं मला वाटतं, पण मी बसलोय. भाकरी समोर आहे. दगडाबाई घराच्या पाठीमागे गेल्या, फोन घेऊन. मी हे लिहितोय, कारण हाताला दुसरं काही सुचत नाही.

त्याच दिवशी

सांगितलं. सगळं. आवाज कसा बनवतात, पंखा कसा लावतात, टिकली कुणी घातली. आकाराम ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, तुमाला लय म्हाईत हाय हो आमच्या घरचं. मला कळलं की मी जेवढं खरं सांगतो तेवढा मी खोटा होतोय.

दगडाबाई फोन घेऊन आल्या. आवाज मोठा लावला होता. राणी बोलत होती. भरलेला निरोप नाही, प्रत्यक्ष. विचारलेल्याला उत्तर देत होती. क्रांती बोलत असणार आणि कॉम्प्युटर तिचा आवाज बदलत असणार, हे मला माहीत आहे. 'न्हाई' म्हणताना शेवट बरोबर खाली सोडला. कॉम्प्युटरला ते मीच शिकवलं होतं.

ती म्हणाली, आबा, ह्योच त्यो. ह्यानंच मला त्रास दिला. सोडू नगा.

आकाराम उठले. देवाजवळची पितळी घेऊन आले, भंडाऱ्याची. शांतपणे म्हणाले, आमच्यात एकच रीत हाय गड्या. बिरुबाचा भंडारा उचल आन् सांग, तू कदी माज्या लेकीच्या नावानं खोटं बोलला न्हाईस.

फोनमधून तिने आधीच आण घेतली, मीच राणी म्हणून. लगेच. अडखळली नाही.

मी हात पुढे केला. बिरोबाची आण मी एकदा लिहिली आहे. आणि ते विचारत होते तेच मी केलं होतं. बोटं भंडाऱ्याला लागली आणि हात असा थरथरला की पितळी वाजली. पिवळं सगळं सांडलं.

आकारामांनी माझ्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलंच नाही.

दुपारनंतर

कडब्याच्या खोलीत आहे. बाहेरून कडी. माझा स्वतःचा फोन काढून घेतला. वही राहिली, कारण वहीला कोण भितं.

मारलं नाही मला. दगडाबाईंनी दारातून पाण्याचा तांब्या सारला. मी म्हणालो, मावशी, राणीनं खरंच तुम्हाला लिहिलं होतं, केनियाच्या पोरीच्या फोनवरून. ती तुमच्यावर नव्हती ओरडली, तिच्या मागे माणूस उभा होता. त्या म्हणाल्या, माजी राणी माफी मागून बोलली माज्याशी. जिरं-गूळ इचारला तिनं. मेसेजवालीनं इचारला व्हता का?

जिरं-गूळ मी लिहिला होता —

ते माझी शेरडांसारखी काळजी घेतायत. सकाळी खाटकाकडे द्यायची असतात तशी —

थोड्या वेळाने

आकाराम चांगला माणूस आहे. म्हणाला, तुजी बी आय असंल, तिला इचारतो तू कोन. मी आईचा नंबर सांगितला. दारापलीकडून फोन लावला, मोठा आवाज ठेवला. आई! मी फळीला कान लावला.

आई म्हणाली, आवं माजा यशा तर आत्ताच बोलला माज्याशी, त्याच्या हापिसच्या नंबरावरनं. इमानतळावर हाय त्यो. बँकॉकला निघालाय, मोठी नोकरी लागली. थोडी सर्दी झालीया म्हनला. आलं-मध कसा घ्यायचा ते इचारलं —

छोटं दुखणं. आईला बरं करता येईल असं.

मी ओरडलो. आई, मी यशा, मी हितं हाय! फळीवर हात आपटले. आई रडत म्हणाली — त्यानं सांगितलं व्हतं मला. कुणीतर माज्याच आवाजात वरडंल. भिऊ नगंस म्हनला.

मग फोन बंद —

ती दोन पानं. हसून दाखव. रागावून दाखव.

कळलं

आईला आता दर आठवड्याला निरोप येईल. ती खूश राहील. गल्लीत सांगेल. कुणाचा तरी पोरगा म्हणेल, मलाबी —

मी आता ऑफिसात कुणाचं माणूस झालो असेन. नवीन कुणी. त्याला कळेल का, मी आईला 'आई' म्हणतो, 'आय' नाही. ते तरी नीट —

उजेड आहे अजून. फटीतून टिकली दिसते. करडं पीत आहेत.

गाडी आली. दगडाबाई बाहेर जाऊन म्हणतायत, या सायेब, बसा, एवढ्या लांबनं आलायसा — घोंगडं झटकल्याचा आवाज —

वही कडब्यात खोल घालतो. सुनंदाला कुणीतरी — पुढच्या महिन्यात सुनंदा — तिला जाऊ देऊ नका, राणी खुशाल ना—